एकशे चाळीसचे नऊशे ऐंशी

आजीने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने मोबाइलवरून पैसे पाठवले तेव्हा मासेवालीला १४० रुपये द्यायचे होते. गेले ९८०. आजी ओटीवर बसून होती, मासेवाली मावशी टोपली डोक्यावर घेऊन पुढच्या आळीत गेली होती आणि मी पनवेलला ऑफिसमध्ये होतो. तिने मला फोन केला आणि पहिलं वाक्य म्हणाली, "बाला, तू शिकवलंस तसंच केलं मी."

ते खरं होतं. चूक माझ्या शिकवण्यात होती. पण ती कळायला मला संध्याकाळपर्यंत वेळ लागला.

आमचं गाव नाते. महाडहून रायगडाकडे जाताना रस्त्यात लागतं. गडावर जाणारे बहुतेक लोक इथे चहालाही थांबत नाहीत, सरळ पाचाडला जातात. गावात किराणा आहे, गिरणी आहे, पण आजीचं खातं ज्या बँकेत आहे ती महाडला. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये तिथे जमा होतात. ते काढायला आजी एसटीने महाडला जायची, रांगेत उभी राहायची, पावती भरून घ्यायला कुणाला तरी विनवायची आणि दुपारच्या गाडीने परत यायची. गुडघे दुखायला लागल्यावर तिने एटीएम कार्ड काकाकडे दिलं. काका गेला मुंबईला, तेव्हा कार्ड माझ्याकडे आलं. पिन कार्डाच्या पाकिटावरच पेनाने लिहिलेला होता. तो काकालाही माहीत होता, मलाही आणि बहुतेक किराणावाल्याच्या मुलालाही, कारण दोनदा त्यानेच महाडहून पैसे आणून दिले होते.

यात कुणी कधी एक रुपया खाल्ला नाही. पण गेल्या वर्षी गणपतीला मी घरी गेलो तेव्हा आजी आईला म्हणत होती, "माझ्या पैशाला मलाच मागावं लागतं." माझ्याकडे बघून म्हणाली नव्हती. तरी मला ते लागलं. तिला फुलांना, मंगळागौरीला, गावातल्या कुणाच्या बारशाला पन्नास-शंभर द्यायचे असले की ती मला फोन करायची आणि मी इथून पाठवायचो. मला वाटायचं मी मदत करतोय.

म्हणून ठरवलं, आजीला शिकवायचं. सात दिवसांची सुट्टी होती. मला वाटलं, दोन दिवसांत होईल.

पहिला दिवस नुसता चपला झिजवण्यात गेला. बँकेत आजीच्या खात्याला जो मोबाइल नंबर जोडला होता, तो काकाचा होता. यूपीआय चालू होतं ते या नंबरच्या जोरावर. ॲप तुमच्या फोनमधून, तुमच्या सिमवरून, गुपचूप एक एसएमएस पाठवतं. तो एसएमएस ज्या नंबरवरून आला, त्या नंबरचं खातं बँक शोधते. नंबरच दुसऱ्याचा असेल तर पुढे काहीच होत नाही. तेव्हा आधी महाडला जाऊन नंबर बदलायचा अर्ज, सोबत आधार आणि पासबुक. कार्डाची मुदत संपत आली होती, तर नव्या कार्डाचाही अर्ज.

नंबर बदलून आल्यावरही पहिल्यांदा नोंदणी झाली नाही. दोनदा झाली नाही. मी नेटवर्कला शिव्या दिल्या, कारण आमच्याकडे मागच्या दारी रेंज येते आणि ओटीवर जाते. खरं कारण वेगळं होतं. आजीच्या सिमवर फोन येत होते, वायफायवर ॲप चालत होतं, पण रिचार्ज संपला होता. म्हणजे बाहेर एसएमएस जातच नव्हता. रिचार्ज मारला आणि एका मिनिटात खातं दिसलं. कुणाच्या घरी हेच अडलं असेल तर आधी त्या सिमवरून कुणालातरी साधा एसएमएस पाठवून बघा. तो गेला तरच पुढे जा.

मग आला पिन.

कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्याची मुदत, मग आलेला ओटीपी आणि मग नवा यूपीआय पिन, दोनदा. आजीने फोन माझ्यापुढे सरकवला. "तूच टाक काय तो."

मी टाकणार होतो, खरं सांगतो. अंगठा स्क्रीनवर गेला होता. तेवढ्यात आजीने विचारलं, "ह्या पैशावर सही कोनाची असते रं?"

तिचा प्रश्न साधा होता. नोटेवर सही असते, वचन असतं. या फोनमधल्या पैशावर काय?

नात्यात हा प्रश्न विचारला जावा याची मला नंतर गंमत वाटली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, सी. डी. देशमुख, यांचा जन्म नात्याचा, १४ जानेवारी १८९६. ते १९४३ साली गव्हर्नर झाले आणि राजाचं चित्र असलेल्या त्या वेळच्या नोटांवर त्यांची सही असायची. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, आजीलाही. "आपल्या गावच्या मान्साची सही नोटेवर व्हती," हे ती आम्हाला लहानपणी सांगायची. तिच्या लेखी पैसा म्हणजे कुणीतरी नाव लिहून दिलेला शब्द.

मी म्हटलं, "नोटेवर गव्हर्नरची सही. इथे तुझी."

"माझी कुठं हाय?"

"हा पिन म्हणजे तुझी सही. हा टाकला की बँक समजते, आजीने सांगितलं, पैसे दे."

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग फोन माझ्याकडून परत घेतला. "मंग तू कसा टाकशील? माझी सही तू केलीस तर ती खोटी सही."

मी उठून पडवीत गेलो. तिने आतून हाक मारेपर्यंत बाहेर थांबलो. आजही तिचा पिन मला माहीत नाही. तिचं पाकिटावर लिहिलेलं कार्ड इतकी वर्षं खिशात घेऊन फिरणाऱ्या मला हे थोडं जड गेलं, हेही कबूल करतो.

खातं कुठलं जोडायचं हेही तिनेच ठरवलं. तिचं दुसरं एक खातं आहे, त्यात आजोबांच्या मागे उरलेले पैसे आहेत. मला वाटलं, दोन्ही जोडू. ती म्हणाली, "बाजाराला जाताना कोन आख्खा डबा घेऊन जातं?" फक्त पेन्शनचं खातं जोडलं. दुसऱ्या खात्याला आजही पासबुक आणि महाडची एसटीच लागते. यापेक्षा चांगली सुरक्षा मला सुचली नसती. काही चुकलं तरी जाईल तेवढं पेन्शनच्या खात्यातलं.

पुढचे तीन दिवस आम्ही एकच गोष्ट केली. मला एक रुपया पाठवायचा. नाव निवडायचं, वर दिसणारं नाव मोठ्याने वाचायचं, आकडा टाकायचा, पिन टाकायचा, हिरवी खूण बघायची. मग मी तो रुपया परत पाठवायचो. रोज दहा वेळा. भीम ॲपमध्ये मराठी भाषा निवडता येते, तीच निवडली होती, त्यामुळे तिला बटणं वाचता येत होती. आजी चौथीपर्यंत शिकली आहे, वाचते चांगलं. वर्तमानपत्र वाचते, कॅलेंडरवरच्या तिथी वाचते. एक रुपया तिला सराईतासारखा जमायला लागला आणि मी पनवेलला परत आलो.

विसर्जन झाल्यावर घराघरांत पुन्हा मासे शिजायला लागले आणि त्याच आठवड्यात मांदेलीचे ९८० रुपये गेले.

संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल केला आणि म्हटलं, पुन्हा दाखव, नेमकं काय दाबलंस. पाठवू नको, नुसतं टाकून दाखव. आजीने मोबाइल ताटलीला टेकवून ठेवला, चष्मा सारखा केला आणि सावकाश बोट ठेवत, तोंडाने म्हणत गेली. "एक." बोट 9 वर. "चार." बोट 8 वर. "शून्य." बोट 0 वर.

मला एकदम दिसलं. मराठी १ लिहून त्याच्या शेजारी इंग्रजी 9 ठेवून बघा. मराठी ४ च्या शेजारी 8 ठेवून बघा. भाषा मराठी केली तरी आकड्यांचा कीपॅड इंग्रजीच होता. ती १४० च टाइप करत होती, तिच्या अक्षरांत. स्क्रीन 980 वाचत होती.

मग आमचा सराव कसा काय बरोबर झाला? कारण त्यात आकडा तिने टाकलाच नव्हता. पहिला रुपया मी टाकून दाखवला होता आणि पुढे मागच्या व्यवहारावर बोट ठेवून "पुन्हा पाठवा" करत होतो. वेळ वाचावा म्हणून. आणि पिन? पिन टाकताना तर स्क्रीनवर ठिपकेच दिसतात. तिला जो आकडा वाटला तो तिने दरवेळी त्याच जागी दाबला, म्हणून तो दरवेळी जुळला. आकडा चुकीचा वाचून बरोबर पिन टाकता येतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी तिला विचारलं, "तुला इंग्रजी आकडे येत नाहीत हे सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कवा?"

आता पैशांचं काय. इथे मला तिला खरं सांगावं लागलं. यूपीआयमध्ये पैसे गेले की गेले. मध्येच अडकले आणि समोरच्याला पोचलेच नाहीत, तर ते आपोआप परत येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने माणसाकडून माणसाकडे पाठवलेले असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत खात्यात परत पडायला हवेत. पण पोचलेले पैसे मागे खेचायचं बटण कुठेही नाही. ज्याला गेले त्याने परत दिले तरच. आजी म्हणाली, "मंग बरं हाय, मासेवाली हाय. दुसऱ्या कोनाला गेले असते तर?"

मासेवाली मावशी खाडीकडून येते. तिच्या टोपलीच्या आत लॅमिनेट केलेला क्यूआर असतो, खातं तिच्या मुलीच्या फोनवर. रात्री मुलीने हिशोब बघितला, तेव्हा तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीचा फोन वाजला आणि ८४० रुपये जमा झाले.

आजीने लगेच मला फोन केला. "आले."

"छान."

"पन मी काय दाबलंच नाय. पिन पन नाय टाकला. असेच आले."

"येताना पिन लागतच नाही, आजी. कधीच नाही."

ती विचार करत होती हे फोनवरही कळत होतं. "बँकेत पैसे काढायच्या पावतीवर मी सही करते," ती म्हणाली. "पन तुझा काका माझ्या खात्यात भरायचा तवा माझी सही कुठं लागायची? तोच करायचा."

"तेच."

"म्हंजे जाताना सही. येताना नाय."

मी तिला दोन दिवस जे वाक्य पाठ करून घेणार होतो ते तिने स्वतः तयार केलं. त्यात एकच भर घालावी लागली. शिल्लक बघायलाही पिन लागतो, तेव्हा पैसे कुठेच जात नाहीत. ती म्हणाली, कपाट उघडून बघायला चावी लागतेच की. पण दुसऱ्याने काहीतरी घालायचं असेल तर त्याने आपल्याकडे चावी मागायची नाही.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गावी गेलो, या वेळी काहीही न गृहीत धरता. आकड्यांपासून सुरुवात केली. पुस्तक शोधायची गरज पडली नाही. आजीच्या बटव्यातल्या नव्या नोटा काढल्या. २०१६ नंतरच्या मालिकेतल्या नोटांवर रक्कम इंग्रजी आकड्यातही असते आणि देवनागरीतही. १०, २०, ५०, १००, २००, ५००. एका नोटेवर दोन्ही बघून शून्य, एक, दोन आणि पाच जुळले. उरलेले भिंतीवरच्या घड्याळात सापडले. आजी घड्याळ गेली पन्नास वर्षं बघते, पण काट्याच्या जागेवरून. त्यावरचे आकडे तिने कधी वाचलेच नव्हते. "नऊ वाजता काटा जिथं येतो, तो हा 9," असं करत तिने सगळे ओळखले.

मग मी एका पुठ्ठ्यावर वर मराठी आकडे आणि खाली इंग्रजी, असं मोठ्या अक्षरात लिहून दिलं. १ आणि ४ तिने स्वतः लाल पेनाने गोल केले. "हे दोन फितूर हायत," म्हणाली. पुठ्ठा तांदळाच्या डब्याच्या झाकणावर चिकटवला.

पिन टाकताना मात्र गंमत झाली. आकडे नीट ओळखायला लागल्यावर तिने तिचा पिन "बरोबर" टाकला आणि तो चुकला. अर्थातच. जुना पिन चुकीच्या वाचनातून तयार झाला होता. पुन्हा "बरोबर" टाकणार, तेवढ्यात मी थांबवलं. पिन सलग काही वेळा चुकला की बँक तो काही काळ बंद करते. मग मी पुन्हा पडवीत आणि तिने कार्ड घेऊन पिन नव्याने बनवला. या वेळी कीपॅड वाचून.

आणि आमचा क्रम बदलला. आधी नाव वाचायचं. मग आकडा टाकायचा आणि फोन समोरच्याला दाखवायचा, "एवढेच ना?" समोरच्याने हो म्हटलं की मगच फोन आपल्याकडे वळवून पिन. गावात यात कुणाला अपमान वाटत नाही, उलट मासेवाली आता स्वतःच वाकून बघते. आकडा दुसऱ्याने बघायचा, पिन कुणी नाही. एवढ्या दोन नियमांवर आजीचं सगळं चालतं.

दिवाळीनंतर तो फोन आला. मला आजीने दुसऱ्या दिवशी सांगितला, तोही भाजीचे भाव सांगून झाल्यावर. एक माणूस शुद्ध मराठीत बोलत होता. म्हणाला, आजी, तुमच्या पेन्शनचा मागचा फरक मंजूर झालाय, साडेचार हजार रुपये. व्हॉट्सॲपवर एक चौकोन पाठवलाय, तो ॲपमध्ये उघडा आणि पिन टाका, पैसे जमा होतील. आज संध्याकाळपर्यंतच मुदत आहे.

"मंग?" मी विचारलं. माझा घसा कोरडा पडला होता.

"मी त्याला सांगितलं, मासेवालीने आठशे चाळीस दिले तवा पिन नाय लागला. तुझं सरकार मासेवालीपेक्षा गरीब हाय काय?"

त्याने मग आवाज चढवला, पेन्शन बंद होईल म्हणाला. आजीने फोन कापला. तो चौकोन म्हणजे त्याच्याच खात्याचा क्यूआर होता, आत ४५०० आधीच भरून ठेवलेले. पिन टाकला असता तर आले नसते, गेले असते. मी तिला १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर पुठ्ठ्यावर लिहायला सांगितला. पैसे गेलेच तर पहिला फोन मला नाही, तिथे करायचा, कारण जितक्या लवकर कळवू तितकी ते पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. तिने लिहिला. खाली इंग्रजीतही लिहिला, कीपॅडसाठी. 1930. फितुरापैकी दोन आकडे त्यात होते असं तिला वाटलं, पण तपासल्यावर एकच निघाला.

मला एका गोष्टीत मात्र आजीला पटवता आलं नाही. मी म्हणालो, आता घरात रोख ठेवायची गरज नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पुराच्या वेळी तू कुठं व्हतास?"

मी तेव्हा बारावीची परीक्षा रद्द झाली म्हणून मुंबईला काकाकडे होतो. जुलै २०२१. २२ तारखेला महाड पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. बँका, एटीएम, दुकानं, सगळं चिखलात. आमच्याकडे वीज नव्हती आणि फोन लागत नव्हते. आजीच्या डब्यात तेव्हा तीनशे रुपये होते आणि त्यावर तिने रॉकेल, मीठ आणि शेजारच्या पोराचं औषध भागवलं.

"त्या दिवशी तुझा फोन काय करनार व्हता?"

काहीच नाही. वीज नाही, टॉवर नाही, तर सहीही नाही. म्हणून तांदळाच्या डब्यात, पुठ्ठा चिकटवलेल्या झाकणाखाली, आजही दोन हजार रुपये सुट्ट्या नोटांत असतात. पावसाळ्याआधी ती ते मोजते. मी आता त्यावर बोलत नाही.

महाडला ती अजून जाते, दोन महिन्यांतून एकदा, पासबुक भरून आणायला. फोनमधला हिशोब आणि पासबुकातला हिशोब बोट ठेवून जुळवते. मासेवालीची ९८० आणि ८४० ची ओळ तिने पेनाने अधोरेखित करून ठेवली आहे.

गेल्या महिन्यात माझा वाढदिवस होता. सकाळी ऑफिसच्या गाडीत असताना फोन वाजला. आजीच्या नावाने १०१ रुपये आले होते. मी नीट बघितलं. 101. नऊशे नऊ नव्हते.

दोन मिनिटांनी तिचा फोन आला. "आले काय?"

"आले, आजी."

"पिन नाय ना लागला तुला?"

"नाही."

"मंग बरोबर," म्हणाली आणि फोन ठेवला.